पूल आणि पुलगाव

वर्ध्याहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की पुलगाव सुटल्यावर लगेच वर्धा नदीचा पूल लागतो. गावाचं नाव पुलावरूनच पडलं असं जुने लोक सांगतात. हे वाक्य एकदा मोठ्यानं म्हणून पाहा: 'पुलगाव सुटलं की पूल, आणि पुलावरून नदी दिसते.' आता नुसत्या 'पु'कडे कान द्या. 'पूल' म्हणताना ऊ लांबतो. 'पुलगाव' म्हणताना तोच आखूड होतो आणि 'पुलावरून' म्हणतानाही आखूडच राहतो. कुणी सांगितलं नाही, कुणी शिकवलं नाही, तरी जिभेनं आपोआप मापून दिलं.

मी वर्ध्यात अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो आणि दरवर्षी जुलै महिन्यात 'शिप' आणि 'शीप' या दोन शब्दांपाशी अडकतो. एक जहाज, दुसरी मेंढी. फळ्यावर देवनागरीत लिहिले की मुलं म्हणतात, सर, फरक तर दिसतोच आहे, एकाला पहिली वेलांटी, एकाला दुसरी. मग मी फळा पुसतो आणि एक शब्द म्हणायला सांगतो. तोंडातून येतं 'शीप'. दुसरा म्हणायला सांगतो. पुन्हा 'शीप'. वेलांटी डोळ्यांना दिसते, पण तोंडाला ती माहीत नाही. याचं मूळ आहे त्या पुलगावात.

मराठी बोलीत इ आणि उ यांची लांबी ठरते ती शब्दातल्या जागेवरून. शब्द व्यंजनाच्या उच्चारावर थांबत असेल तर त्याच्या आधीचा इ किंवा उ लांबतो: वीट, पीक, सून, पूल, गरीब, वकील. त्याच शब्दाला पुढे प्रत्यय लागला, की स्वराची जागा बदलते आणि तो आखडतो: विटेला, पिकाला, सुनेला, पुलावर, गरिबाला. जोडाक्षराच्या आधी तो आखूडच असतो: विस्तव, मुक्काम, दुष्काळ. शब्दाच्या अगदी शेवटी आला तर लांब: पाटी, लाडू. मराठी साहित्य महामंडळानं 1962 साली शुद्धलेखनाचे नियम केले आणि 1972 साली त्यांत भर घालून ते अठरा झाले. ऱ्हस्व-दीर्घाबद्दलच्या त्या नियमांमागे मुख्यतः बोलण्यातली हीच सवय आहे.

आता याचा दुसरा अर्थ पाहा. लांबी जर जागेवरून ठरत असेल, तर लांबी बदलून अर्थ बदलायला वावच उरत नाही. 'शिर' म्हणजे डोकं आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी, 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे चरख्यावरचा धागा, 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. व्याकरणाच्या पुस्तकात या जोड्या ऐटीत उभ्या असतात. पण त्यातली एक बाजू जवळजवळ नेहमी संस्कृतातून जशीच्या तशी आलेली असते आणि बोलताना आपण दोन्ही बाजू सारख्याच म्हणतो. सेवाग्रामच्या आश्रमात 'सूत' कातलं जातं असं कुणी म्हटलं, तर तिथे मुलगा कातला जात नाही हे आपल्याला संदर्भानं कळतं, उकारानं नव्हे. म्हणून तर पाचवीतलं पोर 'गुण' ऐवजी 'गूण' आणि 'विष' ऐवजी 'वीष' लिहितं. आपण त्याला अशुद्ध म्हणतो. खरं तर त्यानं ऐकलं तेच लिहिलेलं असतं.

इंग्रजी शब्द मराठी तोंडात शिरला, की त्याला हाच कायदा लागू होतो. 'शिप' आणि 'शीप' दोन्ही एकाच अक्षराचे, व्यंजनावर थांबणारे, म्हणून दोघांचंही 'शीप'. 'पिन'चं 'पीन', 'बिल'चं 'बील'. हिंगणघाटची कापसाची 'मिल' आणि जेवणाचं 'मील', दोन्ही 'मील'. पण शब्द दोन अक्षरांचा झाला की फासा उलटा पडतो. खासगी बसवरचा 'स्लिपर कोच' हा फलक पाहिलाय ना? झोपायची ती 'स्लीपर' आणि पायातली ती 'स्लिपर', पण बऱ्याच तोंडी दोन्ही 'स्लिपर'. जोडाक्षर आलं तर मात्र नशीब उघडतं. 'मिल्क', 'शिफ्ट', 'लिस्ट', 'फिल्म' हे शब्द आपण बिनचूक आखूड म्हणतो. 'शिफ्ट' जमतं, 'शिप' जमत नाही. याचा अर्थ आवाज आपल्याकडे आहे, फक्त त्या जागी तो ठेवायची सवय नाही. सगळा सराव या एका गोष्टीवर उभा राहतो.

ज्यांत एकाच ध्वनीचा फरक आणि त्या फरकानं अर्थ बदलतो, अशा दोन शब्दांना भाषाशास्त्रात लघुतम जोडी म्हणतात. मराठीत 'वेळ' आणि 'वेल' ही अशी जोडी आहे. आपल्याला तो फरक इतका ढळढळीत वाटतो, की तो कुणाला ऐकू येत नसेल हे पटत नाही. उत्तर प्रदेशातून आलेल्या पाहुण्याला 'वेळ' म्हणायला सांगा, म्हणजे पटेल. 'शिप' आणि 'शीप' ही जोडी तर इंग्रजी शिकवणाऱ्यांत इतकी रुळलेली, की अॅन बेकर यांनी 1977 साली केंब्रिजकडून निघालेल्या आपल्या उच्चार-पुस्तकाचं नावच 'शिप ऑर शीप?' असं ठेवलं.

सराव सुरू करण्याआधी एक गैरसमज काढावा लागतो आणि तो आपल्याच व्याकरणानं करून दिलेला आहे. ऱ्हस्व आणि दीर्घ ही नावं ऐकली, की वाटतं सगळा मामला वेळेचा: ई म्हणजे दुप्पट ओढलेला इ. इंग्रजीत तसं नाही. 'शीप' म्हणताना जिभेचा पुढचा भाग टाळूच्या अगदी जवळ जातो, ओठ हसल्यासारखे ताणले जातात. 'शिप' म्हणताना जीभ थोडी खाली आणि थोडी मागे येते, ओठ सैल राहतात, हनुवटी किंचित उतरते. म्हणजे 'शिप'चा स्वर हा आखूड केलेला ई नाही, तो ई आणि ए यांच्या मधल्या जागेवरचा वेगळा स्वर आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पीटरसन आणि बार्नी यांनी 1952 साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत हे आकड्यांत दिसतं. तोंडाच्या पोकळीचा पहिला अनुनाद पुरुषांच्या आवाजात 'शीप'च्या स्वराला सरासरी 270 हर्ट्झ, तर 'शिप'च्या स्वराला 390 हर्ट्झ होता. जीभ खाली आली की हा आकडा चढतो. घड्याळाचा इथे काही संबंध नाही.

घड्याळ तर उलट फसवतं. इंग्रजीत स्वरानंतर कठोर व्यंजन आलं तर स्वर आखडतो, मृदू आलं तर लांबतो, आणि हा फरक साधारण दोनास तीन असा पडतो. 'बीट' म्हणजे मारणे आणि 'बीड' म्हणजे मणी, दोघांचा स्वर एकच, पण 'बीड'मध्ये तो बराच लांब. आता 'बिड' घ्या, लिलावातली बोली. त्याचा स्वर आखूड जातीचा, पण पुढे मृदू ड आहे म्हणून तो ताणला जातो आणि लांबीनं जवळजवळ 'बीट'च्या बरोबरीला येतो. जो माणूस फक्त लांबी ऐकतो त्याच्यासाठी 'बीट' आणि 'बिड' यांचे स्वर एकच झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परीक्षेत तिचा उपयोग होणार आहे.

कान आधी, तोंड नंतर, असा क्रम मी ठेवतो. जो फरक ऐकूच येत नाही तो तोंडानं काढला तरी बरोबर निघाला की नाही हे सांगणार कोण?

कानाच्या सरावाला लागतं फारच थोडं: एक नाणं, एक कागद आणि खात्रीचा आवाज. खात्रीचा म्हणजे ज्याच्या तोंडात हा फरक जन्मापासून आहे असा. माझा नव्हे. मराठी मास्तर वर्गात दोन शब्द म्हणून दाखवतो तेव्हा तो बहुधा एकच शब्द दोनदा म्हणत असतो, एकदा ओढून आणि एकदा तोडून, आणि मुलं ती ओढाताण शिकतात. मी सुरुवातीची काही वर्षं नेमकं हेच केलं. आता केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या इंटरनेटवरच्या शब्दकोशांतले आवाज वापरतो. तिथे प्रत्येक शब्दाला ब्रिटिश आणि अमेरिकी असे दोन उच्चार मिळतात, म्हणजे दोन कोशांत मिळून चार ध्वनिमुद्रणं झाली.

फोन एकाच्या हातात, कागद दुसऱ्याच्या. फोनवाला नाणं उडवतो. छापा आला तर 'शिप' वाजवतो, काटा आला तर 'शीप'. ऐकणारा एक किंवा दोन आकडा लिहितो, शब्द लिहीत नाही. शब्द लिहायला लावला की मन वेलांटीकडे धावतं. प्रत्येक उत्तरानंतर फोनवाला लगेच सांगतो, बरोबर की चूक, आणि चूक असेल तर तोच आवाज पुन्हा वाजवतो. ते तिथल्या तिथे सांगणं हाच सरावाचा प्राण. वीस प्रश्न झाल्यावर एकदम निकाल दिला, तर ती फक्त परीक्षा होते, कानाला काही मिळत नाही. नाणं कशासाठी, तर माणूस मनानं क्रम लावू लागला की तो एकाआड एक लावतो आणि ऐकणारा दोन मिनिटांत ती लय पकडतो.

वीसपैकी दहा बरोबर आले तर त्याचा अर्थ शून्य. न ऐकता, नुसतं नाणं उडवून लिहिलं असतं तरी तितकेच आले असते. बारा-तेरालाही फार महत्त्व देऊ नये. पंधरा किंवा अधिक बरोबर आले, तर ते नुसत्या नशिबानं येण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास राहते, तेव्हा कानाला काहीतरी ऐकू आलं म्हणायला हरकत नाही.

पण एकूण गुण पाहून थांबू नका, कागद उलगडा. उदाहरण म्हणून एक पान मांडतो. समजा नाणेफेकीत 'शिप' अकरा वेळा आलं आणि 'शीप' नऊ वेळा. ऐकणाऱ्या मुलीचे एकूण बारा बरोबर आले. वरवर पाहता ठीकठाक. आता दोन रकाने वेगळे करा: 'शीप'चे नवांपैकी आठ बरोबर, 'शिप'चे अकरांपैकी फक्त चार. म्हणजे तिनं वीसपैकी पंधरा वेळा 'दोन' लिहिलं आहे. तिला 'शीप' ओळखता येतं असं नाही, तिला सगळंच 'शीप' ऐकू येतं. पुलगावचा कायदा कागदावर उतरला तो असा: एका अक्षराचा शब्द, व्यंजनावर थांबलेला, तेव्हा स्वर लांबच असणार. अशा कानाला 'शीप' पुन्हा पुन्हा ऐकवून फायदा नाही. तिला 'शिफ्ट', 'शिप' असे शब्द पाठोपाठ ऐकवायचे, म्हणजे ओळखीच्या आखूड स्वराच्या शेजारी तो अनोळखी ठिकाणचा आखूड स्वर बसतो.

एकाच आवाजावर सराव केला की एक गंमत होते. मुलगी पाच दिवसांत वीसपैकी एकोणीस आणते, आणि सहाव्या दिवशी दुसऱ्या बाईचा आवाज लावला की अकरावर येते. तिनं स्वर शिकलेला नसतो, त्या एका ध्वनिमुद्रणाची खूण पाठ केलेली असते: शेवटच्या प्-चा फट् आवाज, मागची खरखर, काहीही. म्हणून आवाज बदलत राहावे लागतात. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी 1991 साली जपानी भाषकांवर असाच प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांची अडचण र आणि ल यांची होती. पाच वेगवेगळ्या माणसांचे आवाज, लघुतम जोड्या, प्रत्येक उत्तराला लगेच बरोबर-चूक, आणि अशा पंधरा बैठका. बरोबर उत्तरं सुमारे 78 टक्क्यांवरून 86 टक्क्यांपर्यंत गेली. आकडा दिपवणारा नाही आणि मला त्याचंच बरं वाटतं. प्रौढ कान इतकाच हलतो, पण हलतो. पुढे 1997 साली ब्रॅडलो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा निव्वळ ऐकण्याच्या सरावानंतर बोलणंही सुधारतं, बोलण्याचा सराव न करताही.

वर्ध्यात राहणाऱ्याला इथे एक सोय आहे जी सातारच्या किंवा रत्नागिरीच्या माणसाला सहज मिळणार नाही. 1936 पासून इथे राष्ट्रभाषा प्रचार समिती आहे आणि 1997 साली स्थापन झालेलं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. त्यामुळे बिहार-उत्तर प्रदेशची, घरी हिंदी बोलणारी मुलं विश्वविद्यालयाच्या टेकडीवर आणि गावात भेटतात. हिंदीत ही लांबी जागेवरून ठरत नाही, ती अर्थ बदलते: 'मिल' म्हणजे भेट, 'मील' म्हणजे मैल, 'पिटना' म्हणजे मार खाणं, 'पीटना' म्हणजे मारणं, 'चिता' जळते, 'चीता' पळतो. आणि हिंदीतही फरक नुसता वेळेचा नसतो, आखूड इ म्हणताना जीभ जराशी सैलावते. आपण इथले लोक हिंदी रोज बोलतो, पण मराठी माप लावून बोलतो, त्यामुळे 'दिन'चं 'दीन' होतं आणि समोरचा हसून सोडून देतो. अशा एखाद्या मित्राला नाणं द्या आणि 'मिल', 'मील' म्हणायला सांगा. मात्र त्याचं तोंड कागदानं झाकायला सांगा, कारण 'मील' म्हणताना ओठ ताणले जातात आणि डोळा कानाच्या आधी उत्तर देतो. मोबदल्यात त्याला 'वेळ' आणि 'वेल' द्या. हिंदीचा इ आणि इंग्रजीचा इ हुबेहूब एक नाहीत, पण 'एका अक्षराच्या शब्दातही आखूड स्वर असू शकतो' हे पटण्यातली मुख्य अडचण इथेच दूर होते आणि भाषा ओळखीची असल्यानं संकोच कमी.

आता तोंड. इथे पुलगावचाच उपयोग करायचा. 'पुलगाव' असं तीन-चारदा म्हणा. मग 'पुल' मोठ्यानं आणि 'गाव' मनातल्या मनात. ओठ मिटू नका, 'गाव' येणारच आहे अशा तयारीत राहा. जो 'पुल' हवेत उरतो तो इंग्रजीतल्या ओढणे या अर्थाच्या 'पुल'च्या फार जवळचा असतो. पोहायचा तलाव तो 'पूल', नदीवरच्या पुलासारखा. तसंच 'शिपाई' म्हणा आणि 'आई' गिळा. शेतकरी घरातल्या मुलांना 'पिकाला' चांगलं लागू पडतं: 'आला' गिळला की उचलणे या अर्थाचं 'पिक' उरतं, आणि शेतातलं नुसतं 'पीक' म्हटलं की शिखर या अर्थाच्या 'पीक'जवळ जाता येतं. 'टिनाचं छप्पर' यातून 'टिन', आणि नुसतं 'टीन' म्हटलं तर तेरा ते एकोणीस वयातलं पोर. शेपूट कापताना पहिल्या काही वेळा स्वर पुन्हा लांबतो, कारण शब्द व्यंजनावर थांबला की जीभ जुन्या कायद्याकडे पळते. म्हणून शेपूट एकदम न कापता आवाज कमी करत नेतो: शिपाई मोठ्यानं, मग 'आई' हळू, मग कुजबुजत, मग फक्त मनात.

यानं लांबी सुटते, जीभ अजून सुटलेली नसते. 'शिपाई'तला आपला इ आखूड असला तरी जागेनं ई-च्या जवळच असतो. तो थोडा खाली आणायचा. त्यासाठी हनुवटीवर एक बोट टेकवा आणि एका दमात ई-पासून ए-पर्यंत हळूहळू उतरा, गाणारे मींड घेतात तसं. हनुवटी बोटाला खाली ढकलते ते जाणवेल. आता तोच उतार पुन्हा घ्या आणि निम्म्या वाटेत थांबा. ओठ सैल सोडा. थांबलात तिथेच 'शिप' म्हणा. पुढे जाऊन थांबलात तर 'शेप' होईल, म्हणजे इंग्रजीत आकार या अर्थाचा शब्द कानावर पडेल. आधी थांबलात तर 'शीप'. दोन्हीकडे चुकून मधली जागा सापडते, आणि ज्याला 'शेप' कधीच झालं नाही तो बहुधा पुरेसा खाली उतरलेलाच नसतो.

जागा पक्की झाली की नाही हे पाहायची माझी आवडती युक्ती म्हणजे लांबी उलटी करणं. 'शिप' म्हणा पण स्वर तीन सेकंद धरा. 'शीप' म्हणा पण झटक्यात. लांबवलेलं 'शिप' ऐकताना 'शिप'च राहिलं आणि तोडलेलं 'शीप' ऐकताना 'शीप'च राहिलं, तर फरक जिभेत उतरला आहे. लांबवल्याबरोबर ते 'शीप' झालं, तर अजून घड्याळच बोलतं आहे.

हीच कसोटी कानाला लावायची असेल तर चार शब्द काढा: बिट, बीट, बिड, बीड. प्रत्येक शब्द पाच वेळा, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायचा, उत्तर पुन्हा फक्त एक किंवा दोन. समजा आपल्या मुलीचा कागद असा आला: 'बिट' पाचपैकी पाच, 'बीड' पाचपैकी पाच, 'बीट' दोन, 'बिड' दोन. बेरीज चौदा. ही बेरीज काहीच सांगत नाही, कागद सगळं सांगतो. सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब शब्द तिनं अचूक ओळखले, आणि लांबीनं सारखे असलेले मधले दोन ती ओळखू शकली नाही. म्हणजे ती अजून वेळच मोजते. 'शिप' आणि 'शीप' या एकाच जोडीवर ती वीसपैकी अठरा आणत असली तरी हे लपून राहिलं असतं, कारण तिथे दोन्हीकडे प् आहे आणि लांबी तिला नेहमी बरोबर उत्तर देते. असं आपलंच होतं असं नाही. जर्मन भाषाशास्त्रज्ञ बोन यांनी 1995 साली लिहिलं आहे, की स्पॅनिश आणि मँडरिन भाषकही इंग्रजीची ही जोडी लांबीवरून ओळखू पाहतात, आणि त्यांच्या भाषांत तर लांबीनं अर्थ बदलतच नाही. जिभेची जागा ऐकू येईनाशी झाली की कान सोपी वस्तू उचलतो, आणि वेळ ही सर्वांत सोपी वस्तू.

यातूनच सगळ्यांत फसवी चूक होते. दोन मित्र पाठीला पाठ लावून बसतात, एक म्हणतो, दुसरा ओळखतो, आणि वीसपैकी वीस येतात. दोघेही खूश. ऐकलं तर पहिला 'शीऽऽऽप' आणि 'शिप्!' असं म्हणत असतो आणि दुसऱ्यानं ती खूण पकडलेली असते. त्यांनी आपसांत एक सांकेतिक भाषा तयार केली, इंग्रजी नव्हे. त्याच्यावर उपाय एकच: आपला उच्चार फोनवर मुद्रित करायचा, कोशातल्या आवाजाला लागूनच वाजवायचा, आणि हे काम दुसऱ्या दिवशी करायचं. ताज्या ताज्या ऐकलं तर कान आपल्याला हवं ते ऐकतो.

जोड्या निवडतानाही थोडा विवेक हवा. जहाज आणि मेंढी यांची गल्लत आयुष्यात एकदाही होणार नाही, ही जोडी फक्त चित्रं काढायला सोपी म्हणून प्रसिद्ध झाली. नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलाला मी 'लिव्ह' आणि 'लीव्ह' देतो, राहणं आणि सोडून जाणं, कारण 'मी वर्ध्यात राहतो' हे 'मी वर्धा सोडतो' असं ऐकू जाऊ शकतं. 'फिल' आणि 'फील', अर्ज भरणं आणि वाटणं. 'दिस' आणि 'दीज', जिथे शेवटच्या स्-ज़्-चाही फरक आहे, आणि वाक्यात दर मिनिटाला हे शब्द येतात. उ-ऊच्या बाजूला मात्र इंग्रजीनं फारशी सोय केलेली नाही. 'पुल' आणि 'पूल', 'फुल' आणि 'फूल', 'लुक' आणि ल्यूक हे नाव, एवढ्यावर कामाच्या जोड्या जवळजवळ संपतात. तिथे फार वेळ घालवू नये.

एकट्या शब्दात जमलेलं वाक्यात गेल्यावर मोडतं, हे गृहीत धरा. 'शिप' वीस वेळा बरोबर म्हणणारी मुलगी 'द शिप इज बिग' म्हणताना 'बीग' म्हणते, कारण वाक्याचा शेवट आला, शब्द व्यंजनावर थांबला, आणि पुलगावचा कायदा जागा झाला. म्हणून मी सराव वाक्याच्या शेवटापासून चढवत नेतो: आधी 'बिग', मग 'इज बिग', मग 'शिप इज बिग', आणि प्रत्येक पायरीवर शेवटच्या शब्दावर कान. वर्गातल्या मुलांना मी एकदा सांगितलं होतं, की शेवटचा शब्द म्हणताना पुढे अजून एक शब्द आहे असं समजा. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, सर, कोणता? मी म्हटलं, गाव. तेव्हापासून तो 'बिग' म्हटलं की ओठांतल्या ओठांत 'गाव' म्हणतो, आणि त्याचा इ आखूड येतो.